धूर कोणता, डोकेदुखी कोणती?

फटाका म्हटला की आवाज आठवतो, आणि ज्याला आवाज नाही तो फटाका निरुपद्रवी वाटतो. त्यामुळे घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती प्रथम दिली जाते ती काळी नागगोळी. काडी लावली की राखेचा साप वळवळत बाहेर येतो, मूल टाळ्या पिटते आणि मोठी माणसे निश्चिंत असतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी 2016 मध्ये नेहमीचे फटाके एकेक करून पेटवले आणि पेटवणारा साधारणपणे जितक्या अंतरावर उभा असतो तितक्या अंतरावर हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजले. सर्वांत वरचा आकडा नागगोळीचा निघाला: एका घनमीटर हवेत 64,500 मायक्रोग्रॅम. हजाराची लड 38,540 वर होती. फुलबाजी 10,390, भुईचक्र 9,490 आणि भुईनळा 4,860. आपल्या देशात या कणांची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. फटाक्याचा आकडा काही क्षणांचा आणि मर्यादेचा आकडा दिवसभराचा, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. परंतु आवाज आणि धूर यांचा परस्परांशी संबंध नाही, एवढे या मोजणीने स्पष्ट केले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कितीतरी जैन कुटुंबांत जीवहिंसा टाळण्यासाठी फटाके आणलेच जात नाहीत. तरीही दिवाळीच्या चार दिवसांत याच घरांतून 'डोके उठले आहे' ही तक्रार हमखास ऐकू येते. दोष बोळातून आत येणाऱ्या धुरावर टाकला जातो, आणि काही वेळा तो खराही असतो. परंतु त्या दिवसांत पहाटेचा बंब, दिवसभराचे तळण, देवघरातील धूप, दुकानातील वहीपूजन आणि रस्त्यावरील फटाके असे किमान पाच धूर एका माणसाच्या नाकातून जातात. ते सारे एकाच प्रकारे डोके दुखवत नाहीत. एका धुरावर जो उपाय चालतो तो दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतो, क्वचित घातकही ठरतो. म्हणून धूर कमी करण्यापूर्वी डोकेदुखी ओळखणे आवश्यक ठरते.

पहिला प्रकार विषबाधेचा. लाकूड, कोळसा, गोवरी, धुपाटण्यातील निखारे किंवा गॅसची ज्योत यांना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी आणण्याचा गुणही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि मेंदूला मिळणारा प्राणवायू कमी होतो. यातील डोकेदुखी बहुधा कपाळावर, दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी मंद असते. सोबत मळमळ, गरगरणे, पायांत बळ नसल्यासारखे वाटणे. तिची खरी खूण मात्र डोक्यात नसते, खोलीत असते. एकाच खोलीत बसलेल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागते, आणि अंगणात येऊन बसले की थोड्या वेळाने सर्वांनाच बरे वाटू लागते. शुद्ध हवेत आल्यावरही रक्तातील निम्मा वायू निघून जाण्यास सुमारे चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात मुखवट्याने प्राणवायू दिल्यास हा काळ बराच कमी होतो.

येथे एका घरगुती उपकरणाविषयी सावध करणे भाग आहे. करोनाच्या काळात बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतील फरक या उपकरणाला कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही पडद्यावर 98 दिसू शकते. बंद खोलीत निखारे किंवा गॅस पेटलेला असताना डोके दुखू लागले तर तो आकडा पाहत बसू नये. आधी बाहेर पडावे.

दुसरा प्रकार चिडलेल्या मज्जातंतूचा. नाक, डोळे, दात आणि मेंदूभोवतीचे आवरण यांच्या संवेदना एकच मोठी मज्जा वाहून नेते. वैद्यकात तिला ट्रायजेमिनल म्हणतात. तेल फार तापून धुरकटले किंवा लाकूड धुमसले की अॅक्रोलीन नावाचा तिखट वायू सुटतो. तो नाकाच्या अस्तरातील विशिष्ट ग्राहकांना डिवचतो, आणि अर्धशिशीची प्रकृती असलेल्या व्यक्तीत तीच खळबळ मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तमालपत्रासारख्या वासाचा एक वृक्ष आहे. त्याची पाने चुरगळून हुंगली की काहींचे डोके उठते, म्हणून त्याला तेथे 'डोकेदुखीचे झाड' असेच म्हणतात. इटलीतील संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले की त्या पानांतील द्रव्य याच ग्राहकांवर काम करते. म्हणजे धुरकट कढईजवळ उभी राहिलेली गृहिणी 'वासानेच डोके चढले' म्हणते, तेव्हा ती मनाचे खेळ सांगत नसते.

या दुखण्याची लक्षणे निराळी आहेत. बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठसठस, चालले-वाकले की वाढणारी, उजेड, आवाज आणि वास नकोसे होणे, मळमळ, आणि उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंतचा मुक्काम. खोलीतील इतरांना काहीच होत नाही. याच कारणाने अशा व्यक्तीवर 'तुलाच कसे दुखते?' हा अन्यायकारक प्रश्न वारंवार येतो. अंगणात येऊन बसल्याने ही डोकेदुखी लगेच उतरत नाही, कारण धूर हा केवळ चाप असतो. एकदा सुटलेली गोळी चाप सोडल्याने परत येत नाही.

तिसरी गोष्ट प्रकार नव्हे, फसगत आहे. अर्धशिशीचा झटका डोके दुखण्याच्या कित्येक तास आधी सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते, चिडचिड होते, आणि वास एकाएकी तीव्र भासू लागतात. रोजचीच अगरबत्ती त्या दिवशी असह्य होते. तासाभराने डोके ठणकू लागले की आरोप अगरबत्तीवर येतो. वस्तुतः डोके उठणार होते म्हणून अगरबत्ती सहन झाली नाही. हा उलटा क्रम न ओळखल्यामुळे कित्येक घरांतून धूप, अत्तर, फोडणी असे एकेक करून हद्दपार होते आणि दुखणे जागच्या जागी राहते.

हे सारे एका घरात कसे दिसते ते पाहण्यासाठी नवी पेठेतील एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर, त्याची एकमेव खिडकी बोळाकडे. माजघरातील कोनाड्यात देवघर, त्याला खिडकी नाही. घरातील सूनबाईंना वर्षानुवर्षे अर्धशिशी आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकानिमित्त त्यांनी उपवास केलेला. पहाटे साडेचारला बंब पेटला. सकाळी दहा ते दीड चकली आणि शेव. सहाला सूर्यास्ताच्या सुमारास देवघरात दोन अगरबत्त्या आणि धूपकांडी. आठला बोळात लडी सुरू झाल्या आणि नऊला डोके उठले. घरच्यांचा निवाडा एका वाक्यात: फटाक्यांनी दुखले.

आता हाच दिवस घटका-घटकांनी लिहून काढला तर काय दिसते? दुपारी तळण संपताना त्यांचे डोळे चुरचुरत होते. चारच्या सुमारास सलग जांभया आल्या आणि उजवीकडची मान आखडली. सहाला धूपकांडीच्या वासाने मळमळले व त्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. याचा अर्थ, फटाक्याची पहिली माळ वाजण्यापूर्वी किमान चार तास झटका निघालेला होता. पहाटेची अपुरी झोप, रिकामे पोट, पाण्याची तूट आणि साडेतीन तासांचा तेलाचा धूर यांनी त्याला वाट करून दिली. फटाक्यांनी भर घातली असेल. आरंभ त्यांनी केला नाही. पुढील वर्षी या घराने बोळाकडची खिडकी घट्ट लावून घेतली असती आणि बाकी सारे तसेच ठेवले असते, तर नऊ वाजता डोके पुन्हा उठले असते.

अशा घरात पहिला बदल तळणात करावा लागतो. चकली तळण्याजोगे तापलेले तेल धूर सोडत नाही. कढईतून निळसर धूर दिसू लागला म्हणजे तेल गरजेपेक्षा बरेच अधिक तापले आहे, आच कमी करण्याची ती खूण. एकदा तळणाला वापरलेले तेल पुढच्या वेळी आणखी लवकर धुरकटते. तळाशी जळालेला चुरा राहिला तर अधिकच. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढावा आणि कालच्या तेलात आजचा घाणा घालू नये. उपवासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी साडेतीन तास कढईपुढे उभे राहण्याचे काम ज्यांना अर्धशिशी आहे त्यांच्याकडे नसावे. फराळाचे तळण दोन दिवस आधी, दोघींत वाटून, तासा-तासाच्या टप्प्यांनी करता येते. उपवासाचेही तसेच. पाणीही वर्ज्य असलेल्या चौविहार उपवासाने ज्यांचे डोके हमखास उठते, त्यांनी उकळलेले पाणी चालणारा तिविहार उपवास करण्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी व डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

दुसरा बदल हवेच्या वाटेत. पुष्कळ स्वयंपाकघरांत एक्झॉस्ट पंखा आहे, तो फिरतोही, आणि धूर मात्र माजघरात जातो. कारण पंखा हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते. सर्व दारे-खिडक्या बंद असतील तर पंखा नुसताच घुमतो. पंख्याला लागूनच खिडकी उघडी असेल तर तिच्यातून आलेली हवा तशीच पंख्यातून निघून जाते आणि शेगडीवरचा धूर हलतही नाही. आत येणारी हवा समोरच्या बाजूने, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागून यावी, शेगडीवरून जावी आणि पंख्यातून बाहेर पडावी. परीक्षा सोपी आहे: वर्तमानपत्राचा अर्धा कागद पंख्याच्या जाळीजवळ धरावा. तो जाळीला चिकटून राहिला तर ओढ आहे. गळून पडला तर पाती तेलकट झाली आहेत किंवा आत येणाऱ्या हवेला वाट नाही. फोडणी घालण्यापूर्वी दोन मिनिटे पंखा लावावा आणि शेगडी विझवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. धुरांडे जोडलेली चिमणी धूर बाहेर नेते. बिनधुरांड्याची, केवळ जाळ्यांतून हवा गाळणारी चिमणी तेलाचे थेंब धरते, वायू मात्र घरातच परत सोडते, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. शेगडीच्या ज्योतीकडेही लक्ष असावे. निळी ज्योत ठीक. पिवळी, भांड्यांना काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नर साफ करण्याची वेळ झाली.

बंबाविषयी थोडक्यात. चौकात किंवा उघड्या पडवीत पेटवलेला बंब केवळ डोळे झोंबवतो. तोच बंद न्हाणीघरात पेटवला तर पहिल्या प्रकारची डोकेदुखी देतो. बंब गेला आणि गॅसचा गीझर आला, धूर दिसेनासा झाला, म्हणून धोका गेला असे समजू नये. लहानशा न्हाणीघरात दार-खिडकी लावून गॅस गीझर चालवल्याने माणसे बेशुद्ध पडली आहेत, दगावलीही आहेत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. ते जमत नसेल तर बादली भरून गीझर बंद करावा आणि मग स्नानास जावे.

देवघरातील धुराविषयी बोलताना अनेकांचे मन दुखावते. म्हणून एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मंदिरातील अष्टप्रकारी पूजेत जल, चंदन आणि पुष्प ही अंगपूजा गाभाऱ्यात होते. धूप आणि दीप हे अग्रपूजेत येतात व त्या पूजा गाभाऱ्याबाहेर करावयाच्या असतात. लहान, बिनखिडकीच्या, ठेंगण्या दाराच्या खोलीत धूर कोंडू नये, ही व्यवस्था रीतीतच आहे. प्रत्येकाने नवी धूपकांडी न पेटवता आधी पेटलेल्या धूपानेच पूजा करण्याची प्रथाही अनेक देरासरांत आहे. स्थानकात तर धूप-दीपाचा प्रश्नच येत नाही. घरच्या कोनाड्यात मात्र हे भान राहत नाही. तेथे दोन अगरबत्त्या, एक धूपकांडी, सणाच्या दिवशी निखाऱ्यांवर ऊद, आणि सारे माजघराच्या बंद हवेत.

अगरबत्ती विझू न देता पूर्ण जळू देणे ही सवयच आहे. ती जळते म्हणजे धुमसते. ज्योत नसते, म्हणून ज्वलन अर्धवट राहते आणि वजनाच्या मानाने तिचे कण पुष्कळ निघतात. एक ग्रॅम अगरबत्तीतून सरासरी 45 मिलिग्रॅमच्या आसपास कण सुटतात, तर एक ग्रॅम सिगारेटमधून सुमारे 10, असे मोजमापांत आढळले आहे. त्यात बांबूची काडी, कोळशाची भुकटी आणि कृत्रिम सुगंध यांचा धूर एकत्र असतो. म्हणून 'नैसर्गिक' असे छापलेला पुडा आणल्याने फारसे साधत नाही. चंदनाचा धूर हाही धूरच. साधते ते संख्या आणि वेळ कमी केल्याने. दोनऐवजी एक अगरबत्ती, तीही कोनाड्यात न लावता चौकाच्या उंबऱ्याजवळ किंवा खिडकीत. पूजा संपताच टोक वाळूत खोचून विझवणे. निखाऱ्यांवरचा धूप केवळ उघड्या चौकात. तुपाचे निरांजन चांगल्या ज्योतीने जळत असेल तर त्याचा धूर नगण्य असतो. वात फार मोठी झाली आणि काजळी धरू लागली तर ती मागे ओढावी.

दुकानातील वहीपूजनाला स्वतंत्र विचार हवा. कापड बाजारातील किंवा गंज बाजारातील गाळा पुढून उघडा आणि मागून बंद असतो. मुहूर्तावर दहा-बारा माणसे गादीवर, पुढचे शटर रस्त्यावरील फटाक्यांच्या भीतीने अर्धे ओढलेले, आत ऊद आणि अगरबत्त्यांचा जुडगा. अर्ध्या तासाने दोघांचे डोके जड झाले तर 'दिवसभराचा शीण' असे समजले जाते. एकाच वेळी दोघांचे डोके जड झाले, ही वर सांगितलेली पहिल्या प्रकारची खूण आहे. शटर पूर्ण वर करावे, निखारे बाहेर न्यावेत.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडील दुष्काळी पट्ट्यात, पाथर्डी-कर्जत-जामखेडच्या वस्त्यांवर, गॅसची टाकी घरात असली तरी भाकरी आणि आंघोळीचे पाणी अजून पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होते. तुराट्या, पऱ्हाट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या हे तेथील जळण. त्यातील धुराचा मोठा भाग ओलाव्यामुळे असतो, हे लक्षात घेतले जात नाही. ओल्या जळणाची उष्णता आधी पाणी वाळवण्यात जाते, आग थंड राहते आणि धुमसते. फांद्या मनगटापेक्षा बारीक चिरून, छपराखाली, जमिनीपासून वर रचून काही महिने वाळवाव्यात. दोन लाकडे एकमेकांवर आपटली की टणटणीत आवाज आला तर जळण वाळले. भद्द आवाज आला तर नाही. चुलीला धुरांडे असेल तर ते छपराच्या वर निघालेले असावे आणि महिन्यातून एकदा आतील काजळी काढावी. बुजलेले धुरांडे नसल्याहून वाईट, कारण घरात धूर दिसतो आणि 'सुधारित चूलही कामाची नाही' असा ग्रह होतो. जळणाचा जाळ संपल्यावर चुलीत उरलेले लाल निखारे धूर दाखवत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड मात्र तेच अधिक देतात. थंडीत शेगडीत निखारे भरून ती झोपण्याच्या खोलीत नेण्याची चाल म्हणूनच सर्वथा वर्ज्य.

राहिला रस्त्यावरचा धूर. तो आपल्या हातात नाही, वेळ मात्र हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली आणि कमी धुराच्या 'हरित' फटाक्यांनाच अनुमती दिली. ते फटाके तयार करण्यात नागपूरच्या 'नीरी' संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यांतून सूक्ष्म कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघतात. म्हणजे सत्तर टक्के शिल्लक राहतात. 'हरित' या शब्दाने त्याचा विसर पडू नये. दारूगोळ्यातील गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि नाकाला झोंबणारा तो वायू दम्याच्या व अर्धशिशीच्या रुग्णांना विशेष जाचतो.

पावसाळा सरलेला, आकाश निरभ्र, रात्री जमीन झपाट्याने गार होते. अशा रात्री गार हवेचा थर खाली आणि उबदार हवेचा थर वर राहतो, धूर वर जाऊ शकत नाही आणि पहाटेपर्यंत गल्लीतच साचून राहतो. महाराष्ट्रात नरकचतुर्दशीला पहाटेच फटाके उडवण्याची चाल असल्यामुळे त्यात नवी भर पडते. म्हणून 'रात्री खिडक्या बंद, पहाटे ताज्या हवेसाठी उघड्या' हा नेहमीचा क्रम त्या दोन दिवसांत चुकीचा ठरतो. ऊन चढून वारा सुटला, साधारण दहानंतर, तेव्हा खिडक्या सताड उघडाव्यात. संध्याकाळी सातपूर्वी रस्त्याकडच्या बंद कराव्यात. अर्धशिशी असलेल्या व्यक्तीने पहाटेचे फिरणे त्या दिवसांत सोडून द्यावे.

येथेच एक अडचण उभी राहते. खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातील पंखा चालू ठेवला तर तो फटींतून रस्त्यावरचाच धूर आत ओढतो. आणि पंखा बंद ठेवून शेगडी पेटवली तर स्वयंपाकाचा धूर घरात कोंडतो. दोन्ही टाळायचे तर आठ ते अकरा या वेळेत घरात काहीच पेटलेले नसावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना हे विनासायास साधते: साडेपाचपर्यंत स्वयंपाक, साडेसहापर्यंत पंखा व उघड्या खिडक्या, पूजा त्याच सुमारास, आणि सातनंतर सारे बंद. ज्या घरांत रात्रीचे जेवण होते त्यांनी त्या दोन दिवशी तरी स्वयंपाक लवकर उरकावा.

मास्कविषयीचे समज बरेच चुकीचे आहेत. रुमाल किंवा कापडी मास्क सूक्ष्म कण थोपवू शकत नाही. चेहऱ्याला नीट बसलेला एन-95 कण थोपवतो, परंतु वायू आणि वास त्यातून जातात; ज्यांचे डोके वासानेच उठते त्यांना त्याचा अपुराच उपयोग. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचेही तेच: त्यातील हेपा जाळी कण धरते, कार्बन मोनॉक्साइड धरत नाही. बंद खोलीत यंत्र चालू आहे म्हणून आत ऊद जाळणे हा त्यामुळे भ्रम आहे.

उपचारांबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. अर्धशिशीचे वेदनाशामक दुखणे सौम्य असतानाच घेतले तर अधिक लागू पडते. ठणका शिगेला पोहोचेपर्यंत वाट पाहू नये. मात्र साधे वेदनाशामक महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक, आणि मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा अधिक, असे काही महिने घेतले जात असेल तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. तेव्हा धुराचा शोध थांबवून डॉक्टरांकडे जावे. क्षणार्धात शिगेला पोहोचलेले अभूतपूर्व दुखणे, तापासह मान ताठणे, बोलण्यात किंवा हातापायांत अडखळ, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी: यांतील काहीही धुराच्या खाती टाकू नये. आणि बंद खोलीत कोणी गुंगलेले आढळल्यास दारे उघडून त्याला बाहेर आणावे, आपण स्वतः आत थांबू नये, 108 ला दूरध्वनी करावा व 'खोलीत निखारे होते' किंवा 'गीझर चालू होता' हे स्पष्ट सांगावे. हे वाक्य न सांगितल्यास रुग्णालयात निदानाला वेळ लागू शकतो.

वाड्यातील त्या सूनबाईंसाठी उपाय एक वही. पाडव्याला नवी वही उघडण्याची रीत आहेच. त्यातच एक डोक्याची असावी. प्रत्येक वेळी चार नोंदी: दुखणे किती वाजता सुरू झाले, त्याआधीच्या सहा तासांत काय जळले आणि कोणती खिडकी उघडी होती, जांभया, मान आखडणे किंवा वास तीव्र वाटणे हे त्याआधी झाले का, आदल्या रात्रीची झोप, शेवटचे खाणे आणि स्त्रियांनी पाळीची तारीख. ज्या दिवशी धूर होता पण डोके दुखले नाही, ते दिवसही लिहावेत. ते न लिहिल्यास हिशेब एकतर्फी होतो. सहा ते आठ आठवड्यांत चित्र दिसू लागते. कोणाच्या वहीत तळणाचा दिवस चार वेळा येतो, कोणाच्या वहीत धूप एकदाही येत नाही आणि उपवासाचा दुसरा दिवस मात्र दर वेळी येतो. ही वही घेऊन गेल्यास डॉक्टरांना पहिल्या भेटीतच बोलण्याजोगे पुष्कळ मिळते.